गिऱ्हाईक उभं राहतं तिथून दुकान बघा

*सर, सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमचं छोटं किराणा दुकान आहे, दहा बाय चौदा. सकाळी सासूबाई बसतात, दुपारी चारनंतर मी. काउंटर लाकडी, अगदी शटरच्या कडेला. जोतं दीड फुटाचं, गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभं राहतं. माल भरपूर आहे, पण संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी झाली की माझी नुसती पळापळ होते. समोर ठेवलेल्या वस्तूसुद्धा लोक "आहे का?" म्हणून विचारतात, काहीजण नुसते बघून पुढे जातात. शनिवारी यंत्रमागवाल्यांचा पगार झाला की तर काही सुचत नाही. कोपऱ्यावर मिनी मार्ट निघालंय. दीर म्हणतात, सगळं उघडं करू, लोकांना हातानं घेऊ दे. खर्च दहा हजारांच्या आत बसवायचाय. रॅक आणि काउंटर कसं लावू?*
*— एक दुकानदार, सोलापूर*

ताई,

रॅकला हात लावायच्या आधी एक काम करा. एका संध्याकाळी सासूबाईंना गल्ल्यावर बसवा आणि तुम्ही स्वतः पिशवी घेऊन खाली रस्त्यावर उभ्या राहा. दुकानात काय दिसतं ते बघा. काय ठेवलंय ते तुम्हाला पाठ आहे, म्हणून शेजारच्या एखाद्या मुलीलाही सोबत घ्या आणि तिला दिसतील त्या वस्तू मोठ्यानं वाचायला सांगा. यादी फार लांब होणार नाही.

कारण साधं आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण चार फूट आठ इंचांवर असतात. ती तुमच्या जोत्याच्या खाली उभी आहे, त्यातले दीड फूट गेले. म्हणजे दुकानाच्या फरशीच्या हिशेबानं तिचे डोळे तीन फूट दोन इंचांवर. काउंटर बहुतेक तीन फुटांचा असणार. त्यावर गोळ्या-बिस्किटांच्या फूटभर उंच बरण्या असतील, तर तिच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा बरण्याच येतात. दीड फूट लांबून ती बरण्यांच्या डोक्यावरून बघायला गेली, तर नजर तिरकी वर चढते आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेतो छताला टेकते. वरून वेफरच्या आणि शाम्पूच्या लड्या लोंबत असतील, तर तोही रस्ता बंद. खाली बरण्या, वर लड्या, मधे एक खिडकी उरते आणि त्या खिडकीत तुम्ही बसलेल्या असता. चहापत्ती तुमच्या पाठीमागेच आहे, पण ती दिसते तुम्हाला. तिला नाही.

म्हणून "आहे का?" हा प्रश्न येतो. आणि विचारणारं गिऱ्हाईक तरी बरं. न विचारता पुढे जाणारं मिनी मार्टात जातं.

दीरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दहा बाय चौदात सगळंच उघडं केलं, तर दोन रॅकांच्या मधून माणसाला जायला अडीच-तीन फुटांची वाट लागते, म्हणजे मालाची जागा वाटांतच जाईल. शिवाय एकटी बाई गल्ला, वजन आणि नजर तिन्ही सांभाळू शकत नाही. तुमच्या भागात निम्मं गिऱ्हाईक वीस रुपयांची साखर, दहाचं तेल असं सुटं घेणारं असणार. ते हातानं घेण्यासारखं नाहीच. पण पुढची चार फूट जागा उघडी करता येते, आणि तेवढ्यानं काम होतं.

काउंटर शटरपासून चार फूट आत घ्या. एका टोकाला दोन फुटांची वाट तुम्हाला आत-बाहेर करायला सोडा. लाकडी आहे, म्हणजे दोन माणसं लावली की रविवारी दुपारी सरकेल. पैसा काहीच नाही. आठ दिवस नुसतं असंच चालवून बघा, मग रॅकचं. आता गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं, तुमच्याच फरशीवर उभं राहतं आणि त्याच्या डोळ्यांना दीड फूट परत मिळतो. उन्हाच्या दिवसांत त्यांना सावलीही मिळते. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर डांबरावर उभं राहून कोणी चार वस्तू आठवत नाही. मागायची ती मागतं आणि सुटतं.

या चार फुटांत दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकेक अरुंद रॅक लावा. खोली एक फूटच, त्याहून जास्त नको. दोन्हीकडचा एकेक फूट गेला तरी मधे आठ फूट मोकळे राहतात, पाच-सहा माणसं आरामात उभी राहतात. नवे घ्यायची गरज नाही. लोखंडी पट्ट्यांचे, नटबोल्टनं फळी वर-खाली करता येणारे जुने रॅक बघा. बंद पडलेल्या दुकानाचे स्वस्तात मिळून जातात. फळी सरकवता आली पाहिजे, एवढीच अट. पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून शटरपासून फूटभर आत उभे करा.

या रॅकांवर काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. मोठी, स्वस्त आणि पिशवीत लपवायला अवघड अशीच वस्तू बाहेर. मिठाच्या पिशव्या, कपड्यांचा साबण आणि पावडर, बिस्किटांचे मोठे पुडे, शेवया, पोह्यांची पाकिटं. ब्लेड, सेल, क्रीम, कॉफीच्या पुड्या, तूप हे सगळं काउंटरच्या आत, तुमच्या पाठीशी. एका भिंतीला धुण्या-भांड्याचं सगळं आणि समोरच्या भिंतीला खाण्याचं सगळं. ही वाटणी नुसती दिसायला नाही. साबणाचा आणि अगरबत्तीचा वास चहापत्ती, रवा, बेसन हे पटकन ओढून घेतात. बाई घरी जाऊन चहा करते, चहाला साबणाचा वास येतो आणि ती तुम्हाला काही न सांगता दुकान बदलते. दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल, तर दुपारचं ऊन ज्या भिंतीवर पडतं तिथं धुण्याचा माल घ्या. बिस्किटं, चॉकलेट, खोबरेल यांना ते ऊन सोसत नाही.

आता आतली भिंत. तुमची पळापळ होते ती इथं, आणि ती तुम्ही संथ आहात म्हणून नाही. समजा साखरेचं पोतं मागच्या कोपऱ्यात, काउंटरपासून बारा फुटांवर आहे. जाऊन-येऊन चोवीस फूट. संध्याकाळभरात साठ वेळा साखर दिली, तर एक हजार चारशे चाळीस फूट, म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या वर चालणं झालं. एका साखरेसाठी. तेवढा वेळ बाकीचे उभे.

हे सोडवायला एक वही पुरे. आठवडाभर काउंटरला ती दोरीनं बांधून ठेवा. उठून जाऊन जी वस्तू आणाल, तिच्या नावापुढे एक रेघ ओढा. गर्दीत जमत नसेल तर फक्त सहा ते सात एवढाच तास करा, पण शनिवार धरून सातही दिवस करा. आठवड्याअखेर वही उघडली की पंधरा-वीस नावांपुढेच रेघांची गर्दी दिसेल आणि बाकी शेकडो वस्तूंपुढे एक-दोन. त्या पंधरा-वीस वस्तू तुम्ही उभ्या असता तिथून हात लांबवला की मिळाल्या पाहिजेत. पाय न उचलता. पापड खार वर्षातून दोनदा लागतो, तो माळ्याखाली गेला तरी चालेल, फक्त त्याची जागा ठरलेली असावी.

सुट्या मालाची मांडणी काट्याभोवती करा. काटा काउंटरच्या मधोमध नको, तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला, आकडे गिऱ्हाइकाकडे. काट्याच्या खाली आणि शेजारी चार झाकणाचे डबे: साखर, तूरडाळ, शेंगदाणे, तांदूळ. प्रत्येकाचं माप त्याच्याच डब्यात, पिशव्यांची थप्पी काट्याला टांगलेली. मोठं पोतं मागंच राहू द्या, फरशीवर नाही तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अर्धा फूट सोडून. म्हणजे मागून झाडता येतं आणि उंदरानं खाल्लेलं दिसतं. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दुकान सामसूम असताना, डबे भरून ठेवायचे. तुम्ही दुकानात असा-नसा, सासूबाईंना हे जमेल.

इथं कोणीतरी तुम्हाला सुचवेल की दुपारीच साखरेच्या अर्ध्या-एक किलोच्या पुड्या बांधून ठेवा, संध्याकाळी नुसत्या उचलून द्या. सोय खरी, पण गिऱ्हाईक समोर नसताना बांधून ठेवलेला माल वजन-मापांच्या कायद्यानं आवेष्टित ठरतो. मग त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत असं सगळं छापील लागतं. वैधमापनवाला आला तर पुडीमागे उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा डबा आणि काटा शेजारी असले की समोर मोजून द्यायला कितीसा वेळ लागतो? शिवाय समोर मोजलेल्या मालावर आपल्याकडच्या बायकांचा विश्वास जास्त.

मागच्या भिंतीवरचे रॅक भरताना बहुतेक दुकानदार आडवे भरतात. वरच्या फळीवर सगळे साबण, खाली सगळी चहापत्ती, त्याखाली मसाले. तुम्ही उभ्या पट्ट्या करा. दोन फुटांची एक पट्टी चहाची, वरपासून खालपर्यंत. शेजारी मसाल्यांची. मग तेलाची. आडव्या मांडणीत एक फळी नजरेसमोर येते आणि बाकीचा अख्खा प्रकार नजरेबाहेर जातो. उभ्या पट्टीत काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक प्रकारातलं काही ना काही दिसतंच, आणि "चहा तिथं" हे त्याच्या डोक्यात दोन खेपांत बसतं. पुढच्या वेळी ते विचारत नाही, बोट दाखवतं.

पट्टीच्या आत उंचीचा हिशेब असा. फरशीपासून साडेतीन ते पाच फूट ही नजरेची जागा. माणूस लांबून बघताना सरळ रेषेपेक्षा थोडं खालीच बघतं, त्यामुळे पाच फुटांच्या वरचं सहसा निसटतं. या दीड फुटात काय ठेवायचं? सगळ्यात जास्त खपणारी वस्तू नाही. ती लोक नाव घेऊन मागतातच. पाच रुपयांची चहाची पुडी गुडघ्यापाशी ठेवली तरी खपेल. नजरेच्या जागी ती वस्तू ठेवा, जी दिसली तर घेतली जाते आणि जीत तुम्हाला दोन पैसे जास्त सुटतात. चहाच्या पट्टीत पाव किलोचं पाकीट मधे, पुड्यांच्या लड्या त्याखाली, एक किलोचं जड पाकीट तळाला. जड माल वर नको, तो काढताना मनगटही जातं आणि वेळही. सहा फुटांच्या वर फक्त हलकं आणि शिलकीचं. नवा माल आला की मागं सरकवायचा, जुना पुढं ओढायचा. तारीख उलटलेलं एक पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की बाकीच्या चांगल्या मालावरही शंका येते.

आणि फळीच्या कडेला किंमत लिहा. पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईनं, अंगठ्याएवढे आकडे. याकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण हातात मोजके पैसे असलेलं माणूस चार लोकांसमोर "केवढ्याला?" विचारत नाही. विचारून परत ठेवायची लाज वाटते, म्हणून ते रोजचंच मागतं. तुमच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी माणसं आहेत. आकडा सगळ्यांना वाचता येतो.

काउंटरवर सहा-सात फुटांची जागा असेल, तर मधले दोन फूट पूर्ण रिकामे ठेवा. तिथं फक्त माल ठेवायचा, मोजायचा, पिशवीत भरायचा. सध्या बरण्यांच्या गर्दीत लोक पिशवी हातात धरून उभे असतील. त्यात चौथी वस्तू मागायची इच्छाच मरते. पैशांचा क्यूआर कोड काट्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला चिकटवा, म्हणजे पैसे पाठवणारा बाजूला होतो आणि पुढचा माणूस मागायला लागतो. ही छोटी गोष्ट शनिवारी फार उपयोगाची.

बरण्या दोनच ठेवा, बाकीच्या बाजूच्या रॅकवर. लड्या समोरून काढून दोन्ही कडांच्या खांबांना टांगा. उरलेल्या जागेत एकच ट्रे. एकच म्हणतोय, कारण तीन ट्रे ठेवले की त्यांतला एकही दिसत नाही. त्यात काय ठेवायचं ते वेळेवर बदला. सकाळी चहासोबत खायचं, संध्याकाळी जेवणासोबतचं. सोलापुरात असताना शेंगा चटणीची छोटी पाकिटं आणि कडक भाकरी तुम्ही माळ्याखाली का ठेवाल? कामावरून परतणाऱ्या बाईला रात्रीच्या जेवणाला काहीतरी तोंडी लावायला हवंच असतं. चटणी शेजारी दिसली की भाकरीचा पुडाही उचलला जातो. अशा जोड्या आणखी आहेत: पोह्यांजवळ शेंगदाणे, कापूर-वातींजवळ काडेपेटी. पण मुलांच्या हाताच्या उंचीवर चॉकलेटं मांडू नका. खपतात, मान्य, मात्र पोरानं हट्ट केला की आई दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून न जाता पलीकडच्या गल्लीतून जाते.

बाहेरच्या रॅकची एक फळी सणाची म्हणून राखून ठेवा. संक्रांत आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत तीळ, गूळ, शेंगदाणे. रमजानमध्ये शेवया आणि खजूर. श्रावणात साबुदाणा, भगर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा तुमच्या भागात नारळ, कापूर, अगरबत्ती. सणाच्या दहा-बारा दिवस आधी फळी भरायची आणि सण झाला की दुसऱ्या दिवशी रिकामी करायची. शिळा तिळगूळ फेब्रुवारीपर्यंत पुढं पडलेला बरा दिसत नाही.

आता कंपनीवाले येतील. पुढची जागा मोकळी दिसली की सेल्समन आपला रंगीत स्टँड आणून उभा करतो आणि महिन्याला काहीतरी माल फुकट देतो म्हणतो. नाही म्हणू नका, हिशेब करा. समजा स्टँड दोन फूट जागा खातो आणि महिन्याला तीनशे रुपयांचा माल मिळतो. त्याच दोन फुटांत चटणीची पाकिटं ठेवली, पाकिटामागे पंधरा रुपये सुटले आणि रोज दोन गेली, तर महिन्याला नऊशे होतात. मग तीनशेला जागा का द्यायची? स्टँडवरचा माल स्वतःही चांगला खपत असेल तर ती कमाई तीनशेत मिळवा आणि मग ठरवा. आणि स्टँड ठेवलाच तर भिंतीला. तोंडाशी नाही.

हे सगळं एका रविवारी करू नका. आधी काउंटर सरकवा आणि आठ दिवस चालवा. मग काट्याभोवतीचे डबे. मग मागची एक भिंत, पंधरा दिवसांनी दुसरी. सगळंच एकदम हललं तर रोजचं गिऱ्हाईक गोंधळतं, आणि सासूबाईंनी जुन्या सवयीनं हात घातला की तिथं साखरेऐवजी मीठ निघतं. जागा ठरवताना त्यांना सोबत घ्या. सकाळचं दुकान त्यांचं आहे, त्यांचा हात पोचत नाही ती फळी तुमच्या सोयीची असून उपयोग नाही.

फरक पडला की नाही हे गल्ल्यावरून लगेच कळणार नाही, कारण सण आणि पगार त्यात मिसळलेले असतात. शनिवारची तुलना शनिवारशीच करा, आणि यात्रेचा आठवडा धरू नका. त्यापेक्षा त्याच वहीत दोन नवी पानं करा. एका पानावर, वस्तू समोर असूनही "आहे का?" विचारलं त्याच्या रेघा. दुसऱ्यावर, मागितली पण तुमच्याकडे नव्हती अशा वस्तूंची नावं. पहिल्या पानावरच्या रेघा महिनाभरात कमी झाल्या नाहीत, तर मांडणी अजून चुकते आहे. ज्या वस्तूपुढे रेघा आहेत तिची फळी बदला. दुसऱ्या पानावर एकच नाव पाच वेळा आलं, तर ती वस्तू आणायची. मिनी मार्टात काय मिळतं ते बघायला जायची गरज पडणार नाही, तुमचंच गिऱ्हाईक सांगतंय.

बाहेरच्या रॅकवरचा माल महिन्यातून एकदा मोजा. एक-दोन पुडे कमी भरले तर सोडून द्या, तेवढं जास्त विक्रीतून भरून निघतं. पण एकच वस्तू दर वेळी कमी भरत असेल, तर कोणावर संशय न घेता ती उचलून तुमच्या पाठीमागच्या फळीवर घ्या आणि तिच्या जागी मिठाच्या पिशव्या रचा.